दृष्टीचे काम श्रुतीकडे

"पाहा, हा घुमट किती प्रचंड आहे, आणि तो इथे, या कमानींवर असा टेकलेला आहे!" पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला हे वाक्य पूर्ण वाटते. 'हा' म्हणजे कोणता, 'इथे' म्हणजे कोठे आणि 'असा' म्हणजे कसा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चित्राने आधीच दिलेली असतात. तेच वाक्य पडदा काढून घेऊन केवळ कानांवर पडले, तर त्यात आश्चर्यचिन्हावाचून काही उरत नाही. ऐकणाऱ्याला एवढेच कळते की कोणाला तरी काही तरी प्रचंड दिसत आहे आणि ते आपल्याला दिसत नाही.

हल्ली व्हिडिओ तयार झाला की त्याचा ध्वनी तेवढा वेगळा काढून तो पॉडकास्ट म्हणून प्रसृत करण्याची रीत पडू लागली आहे. श्रम वाचतात हे खरे. पण ऐकणाऱ्याच्या पदरी अर्धाच विषय पडतो, आणि तो अर्धा आहे हेही पुष्कळदा त्याला उमगत नाही. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांत वाहन चालविणारा असतो, स्वयंपाक करणारी गृहिणी असते आणि ज्याला पडदा असला काय नि नसला काय सारखेच, असा दृष्टिहीन श्रोताही असतो. या सर्वांसाठी संहिता नव्याने लिहावी लागते. ती कशी लिहावी हे एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

समजा, विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपूरच्या, गोलघुमटावर कोणी दहा मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. मुहंमद आदिलशाहाची ही कबर. व्हिडिओत प्रथम दुरून इमारत दिसते, मग चार कोपऱ्यांचे चार मनोरे, मग आतले दालन, वर घुमट आणि शेवटी घुमटाच्या पायथ्याचा तो प्रसिद्ध सज्जा, जेथे एका बाजूची कुजबूज पलीकडच्या बाजूस ऐकू येते. निवेदनाचे शब्द हजाराच्या आसपास आहेत. बाकीची दीड-दोन मिनिटे नुसते चित्र आणि संगीत आहे. याची श्राव्य आवृत्ती करावयाची आहे.

अनुभवी लेखक पहिले काम करतो ते लिहिण्याचे नव्हे, ऐकण्याचे. पडदा झाकून तो व्हिडिओचा नुसता आवाज ऐकतो, आणि शक्य असल्यास ज्याने तो व्हिडिओ कधीच पाहिलेला नाही अशा माणसाला शेजारी बसवितो. स्वतः लेखकाचा कान या कामी भरवशाचा नसतो, कारण त्याच्या स्मरणात चित्रे साठलेली असतात आणि शब्दांतली पोकळी ती चित्रे नकळत भरून काढतात. शेजारचा माणूस ज्या ज्या ठिकाणी "कोण?", "कोठे?", "कशाबद्दल?" असे विचारतो, त्या प्रत्येक ठिकाणी संहितेच्या समासात खूण करावयाची.

त्यानंतर संहिता दोन रकान्यांत मांडावयाची. डाव्या रकान्यात दिसणारे, उजव्या रकान्यात ऐकू येणारे. व्हिडिओची संहिता बहुधा अशीच लिहिलेली असते. नसल्यास तशी करून घ्यावी. मग डाव्या रकान्यातील प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावयाचा: हे चित्र तेथे कोणते काम करीत होते? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून असते.

काही चित्रे केवळ शोभेची असतात. घुमटावरून उडणारी पाखरे, हिरवळीवर खेळणारी मुले, संध्याकाळचे आकाश. निवेदनाचा धागा त्यांच्यावाचून तुटत नाही. ती बिनदिक्कत सोडून द्यावीत. नवशिका लेखक येथेच चुकतो. दृश्य हरवले या धास्तीने तो आकाशाच्या निळाईपासून हिरवळीच्या कडेपर्यंत सारे वर्णन करू लागतो, आणि ऐकणारा दोन मिनिटांत थकतो. कानांना चित्र एकदम दिसत नाही. ते शब्दाशब्दाने उभे करावे लागते आणि उभे केलेले स्मरणात धरून ठेवावे लागते. म्हणून जे पुढे उपयोगी पडणार नाही त्याचे ओझे श्रोत्याच्या डोक्यावर देऊ नये.

दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत अक्षरे असतात. पडद्याच्या तळाशी 'मुहंमद आदिलशाह, कारकीर्द 1627 ते 1656' अशी ओळ झळकते. बोलणाऱ्या माणसाचे नाव आणि हुद्दा उमटतो. दुसरे स्थळ आले की त्याचे नाव दिसते. ही अक्षरे निवेदक वाचत नाही, म्हणून ध्वनिफितीत त्यांचा मागमूसही राहत नाही. ऐकणाऱ्याला एकाएकी परका आवाज ऐकू येतो आणि तो कोणाचा हे कळेपर्यंत त्याचे पहिले वाक्य वाया जाते. म्हणून नाव आधी, आवाज नंतर, असा नियम पाळावा. "या इमारतीचा इतिहास वर्षानुवर्षे पर्यटकांना सांगत आलेले एक वाटाडे म्हणतात," एवढे बोलून मग त्यांचा आवाज सोडावा. आणि तो आवाज चार मिनिटांनी पुन्हा आला तर ओळखही पुन्हा द्यावी. पडद्यावर चेहरा पाहिला की ओळख पटते. कानाला मात्र दोन पुरुषी आवाज पुष्कळदा सारखेच वाटतात.

तिसऱ्या प्रकारची चित्रे पुराव्याचे काम करतात. निवेदक जे सांगतो ते खरे कसे, हे तीच दाखवितात. खरी कसोटी येथे लागते, आणि आरंभी दिलेले वाक्य याच प्रकारात मोडते.

त्या वाक्यातील 'हा', 'इथे', 'असा' या शब्दांना दर्शक शब्द म्हणतात. 'एवढा', 'इतका', 'तिकडे', 'वरती' हे त्यांचेच भाऊबंद. संगणकावर ते शोधून काढणे सोपे आहे. पण शोधले की खोडले असे करून चालत नाही. मराठीत हेच शब्द दोन कामे करतात. "मुहंमद आदिलशाहाचा मृत्यू 1656 साली झाला, हा राजा येथेच चिरविश्रांती घेत आहे," या वाक्यातला 'हा' मागे आलेल्या नावाकडे बोट दाखवितो, आणि तो कानालाही स्पष्ट असतो. "हा पाहा मनोरा," यातला 'हा' पडद्याकडे बोट दाखवितो. पहिला राहू द्यावा, दुसरा बदलावा. प्रत्येक ठिकाणी विचारावयाचे ते एवढेच: या बोटाच्या टोकाशी शब्द आहे की चित्र?

आता तो घुमट कमानींवर कसा टेकला आहे हे शब्दांत सांगावयाचे. व्हिडिओत हे काम दहा सेकंदांत होते. छायाचित्रक खाली उभा राहतो, भिंग वर वळवितो, आणि एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी दिसतात. शब्दांत हेच सांगताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रथम श्रोत्याला कोठे तरी उभे करावे, कारण उभे राहण्याची जागा ठरल्यावाचून डावे-उजवे आणि वर-खाली यांना अर्थ येत नाही. मग संपूर्ण वस्तू सांगावी आणि नंतरच तिचा भाग. शेवटी जे अपरिचित आहे ते घरातल्या परिचित वस्तूच्या आधाराने सांगावे.

या तिन्ही गोष्टी सांभाळल्यावर नवा मजकूर काहीसा असा होईल: "दालनाच्या मधोमध उभे राहिले की चारी बाजूंना सरळ भिंती. दालन चौकोनी आहे, आणि त्याची प्रत्येक बाजू आतून सुमारे 41 मीटर लांब. मान वर केली की छत मात्र गोल. चौकोनावर गोल झाकण कसे बसविले? दोन चौकोनी रुमाल घ्यावेत. एक सरळ अंथरावा. दुसरा त्यावर असा ठेवावा की वरच्या रुमालाची टोके खालच्या रुमालाच्या बाजूंच्या मध्यावरून बाहेर डोकावतील. आठ टोकांची चांदणी तयार होईल, आणि तिच्या पोटात, जेथे दोन्ही रुमाल एकमेकांवर आले आहेत तेथे, आठ बाजूंची आकृती दिसेल. या रुमालांच्या कडा म्हणजे घुमटाखालच्या आठ कमानी. त्या एकमेकींना छेदीत जातात आणि चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोन वर्तुळाच्या पुष्कळ जवळ असतो. त्यावर गोल घुमट बसविणे शक्य झाले."

या मजकुरात 'असा' हा शब्द आहे, पण त्याच्या पाठोपाठ 'की' येतो आणि कसा ते सांगितले जाते. दहा सेकंदांच्या चित्राला जवळजवळ शंभर शब्द लागले, म्हणजे सावकाश वाचनाचे जवळजवळ एक मिनिट. ते कोठून आणावयाचे? पाखरांचे आणि संध्याकाळचे जे दृश्य आधी काढून टाकले त्याचे अर्धे मिनिट, आणि संगीतावर तरंगणाऱ्या मूक दृश्यांतले उरलेले. अशा रीतीने जमाखर्च जुळवीत गेले की श्राव्य आवृत्ती मूळ व्हिडिओहून फारशी लांबत नाही. लांबलीच तर दुय्यम मुद्दा गाळावा. वाचनाचा वेग वाढवू नये, कारण न दिसणारी वस्तू मनात उभी करण्यास श्रोत्याला उसंत लागते.

आकड्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. व्हिडिओत एक आकृती आहे: शेजारी शेजारी दोन अर्धवर्तुळे, एकाखाली 'गोलघुमट, 44 मीटर' आणि दुसऱ्याखाली रोमच्या 'सेंट पीटर, 42 मीटर' असे लिहिलेले. पहिल्या आकृतीतील बाणाची टोके घुमटाच्या बाहेरच्या कडांना लागली आहेत, दुसरीतील आतल्या कडांना. चौकस प्रेक्षकाला तो फरक दिसतो. निवेदकाने मात्र नुसते आकडे उच्चारले, तर ऐकणारा म्हणेल की विजापूरचा घुमट रोमच्या घुमटाहून मोठा आहे, आणि तेच तो दुसऱ्या दहा जणांना सांगेल. वस्तुतः 44 मीटर हा गोलघुमटाचा बाहेरचा व्यास आहे. आतून तो सुमारे 38 मीटर भरतो, तर सेंट पीटरचा 42 हा आकडा आतल्या व्यासाचा आहे. एका बाणाने जे सांगितले होते ते सांगण्यासाठी 'आतून' हा एक शब्द लागला असता, आणि तो राहिल्यामुळे विधान उलटे झाले. आकृती, नकाशे आणि आलेख यांच्या बाबतीत धोका नेहमी अशाच ठिकाणी दडलेला असतो. म्हणून आकृती कानासाठी लिहिताना प्रथम तिचा निष्कर्ष सांगावा, मग दोनच आकडे, आणि ते कशाचे कशाशी ताडून पाहिले आहेत हे शब्दांत. "आतून मोजले तर रोमच्या सेंट पीटरचा घुमट मोठा. तो सुमारे 42 मीटर, विजापूरचा 38," एवढे पुरे. तिसरा आकडा आला की पहिला विसरतो.

वाटाड्याच्या मुलाखतीने वेगळाच पेच पडतो. तो हात उंचावून म्हणतो, "तो दरवाजा दिसतो ना, तिथून आत शिरायचं." निवेदनाचे शब्द बदलता येतात, पण दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही. यावर मार्ग तीन. मुलाखत पुन्हा घेता येत असेल तर त्याला एवढेच सांगावे की समोरचा माणूस डोळे मिटून बसला आहे असे समजून बोला. साधी माणसे अशा वेळी फार चांगले वर्णन करतात. पुन्हा भेट शक्य नसेल तर त्याच्या वाक्याआधी निवेदकाने स्थळ सांगावे: "कोपऱ्यातला मनोरा सात मजल्यांचा. त्याचा जिना चढून गच्चीवर यावे, तेथे घुमटाच्या तळाशी एक दरवाजा आहे." मग वाटाड्याचे "तो दरवाजा दिसतो ना" हे शब्द आले तरी खटकत नाहीत, उलट श्रोताही त्याच्याबरोबर चालू लागतो. हेही जमत नसेल तर तेवढा तुकडा गाळून त्यातली माहिती निवेदकाने स्वतःच्या शब्दांत सांगावी.

आता प्रश्न येतो ध्वनीचा. चित्र गेले तर त्याच्या जागी आवाज भरावा, असे अनेकांना वाटते. परंतु आवाज स्वतःची ओळख स्वतः क्वचितच देतो. कढईतले तळण आणि कौलांवरचा पाऊस यांत कान सहज फसतो. दगडी जिन्यावरील पावले नुसती ऐकविली तर ती जिन्यावरची की फरशीवरची, चढणारी की उतरणारी, हे कळत नाही. "मनोऱ्याचा जिना अरुंद आहे," असे आधी सांगून मग पावले ऐकविली, तर तीच पावले जिना चढू लागतात. शब्दाने आवाजाला नाव द्यावे आणि आवाजाने शब्दाला शरीर द्यावे, अशी ही वाटणी आहे.

गोलघुमटाच्या बाबतीत तर ध्वनी हाच विषयाचा गाभा आहे. सज्जाच्या वर्तुळाकार भिंतीला धरून आवाज सरकत जातो, म्हणून एका टोकाची कुजबूज सुमारे 38 मीटर पलीकडे समोरच्या टोकास पोचते. व्हिडिओत कुजबुजणारा एक माणूस आणि दूर कान लावून बसलेला दुसरा, असे दोघे दिसतात, आणि त्यांच्यातले अंतर डोळ्यांना कळते. नुसत्या कानांना ती कुजबूज शेजारच्या माणसाचीच वाटेल, कारण जवळून ऐकल्यासारखे वाटणे हाच तर तेथला चमत्कार. म्हणून आधी अंतर शब्दांत सांगावे, मग कुजबुजणाऱ्याच्या तोंडाशी घेतलेला आवाज ऐकवावा, मग क्षणभर थांबून "आता समोरच्या टोकाला" असे सांगून तेथे घेतलेला. दोन्ही मुद्रणे खरोखर त्या त्या जागी केलेली असावीत. खोलीत बसून यंत्राने घुमवलेला आवाज वापरणे भाग पडले, तर ते सांगून टाकावे. कारण येथे आवाज पुराव्याच्या जागी उभा आहे. एक आवाज डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात ठेवून अंतर दाखविण्याचा मोहही टाळलेला बरा. पुष्कळ लोक फोनच्या एकाच कर्ण्यावर किंवा एकाच कानात नळी घालून ऐकतात. त्यांच्यापाशी डावे-उजवे नसते.

आणि सबंध निवेदन घुमटाखाली उभे राहून मुद्रित करण्याची हौस कोणी करू नये. तेथे प्रत्येक अक्षराचे पडसाद पुढच्या अक्षरावर येऊन पडतात. ओठांची हालचाल दिसत असते तोवर प्रेक्षक शब्द जुळवून घेतो, पण ओठ अदृश्य झाले की त्या गोंगाटात शब्द बुडतात. दालनातली एक टाळी आणि तिचे विरत जाणारे पडसाद दहा-पंधरा सेकंद ऐकवावेत. निवेदन मात्र बंद खोलीत, ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरून करावे.

कानासाठी लिहिणाऱ्यांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. 1924 च्या जानेवारीत बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचे एक नाटक प्रसारित केले. केवळ आकाशवाणीसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. त्याचे कथानक कोळशाच्या खाणीत घडते, आणि आरंभीच तेथले दिवे विझतात. पात्रांनाही काही दिसत नाही, म्हणून जे श्रोत्याला कळावयास हवे ते ती एकमेकांना विचारतात आणि सांगतात. श्राव्य आवृत्ती करणाऱ्यालाही कोठे कोठे ही युक्ती साधते. निवेदकाच्या सोबत प्रथमच येणारा एखादा पाहुणा असला, तर त्याचे "आता आपण किती उंच आलो?" हे विचारणे स्वाभाविक ठरते, आणि "खालच्या फरशीपासून तीस मीटरांहून अधिक" हे उत्तरही.

तरीही काही गोष्टी शब्दांच्या आवाक्याबाहेर राहतात. एखाद्या शिलालेखाच्या अक्षरांचे वळण किंवा कोरीव जाळीची नक्षी शंभर शब्दांतही डोळ्यांसमोर उभी राहत नाही. अशा ठिकाणी "नक्षी दाट आहे, वेलीची आहे" एवढे सांगून पुढे जावे, आणि भागासोबतच्या टिपणात छायाचित्र द्यावे. मात्र ते छायाचित्र न पाहताही मुद्दा कळला पाहिजे. "यासाठी व्हिडिओ पाहा" असे निवेदनात सांगणे म्हणजे जेवावयास बसलेल्याला शेजारच्या घरी पाठविण्यासारखे आहे. दृष्टिहीन श्रोत्याला तर ते घरही बंद असते.

सारे लिहून आणि मुद्रित करून झाल्यावर शेवटची परीक्षा उरते. विषयाशी अपरिचित अशा एका माणसाला तो भाग एकदाच ऐकवावा. नंतर "कळले का?" असे विचारू नये, कारण भिडेपोटी सगळेच होकार देतात. त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवून म्हणावे, ही इमारत काढा, आणि सज्जा कोठे आहे तो दाखवा. चित्र सुबक नसले तरी चालेल. चौकोनावर गोल, कोपऱ्यांत मनोरे आणि आत सज्जा, एवढे आले म्हणजे शब्दांनी आपले काम केले.

बहुधा एखादी चूक निघतेच. संहितेत "घुमटाच्या भोवती सज्जा आहे" असे वाक्य असेल, तर ऐकणारा सज्जा घुमटाच्या बाहेर काढील, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. 'भोवती' या शब्दाने त्याला बाहेरच नेले. व्हिडिओत हीच चूक चित्राने झाकली होती. तेव्हा ते वाक्य खोडून "घुमटाच्या आत, त्याच्या पायथ्याशी, भिंतीला लागून फिरणारा सज्जा" असे लिहावे, तेवढा भाग पुन्हा मुद्रित करावा, आणि दुसऱ्या नव्या माणसापुढे पुन्हा कोरा कागद ठेवावा.